भिंतीच्या कोटेशनसोबतचं एक पान

"प्रति, मा. मुख्याध्यापक आणि अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती. विषय : शाळेच्या उत्तर बाजूच्या कंपाउंड भिंतीची दुरुस्ती. कामाची परिमाणं व दर सोबत जोडले आहेत. परिमाणं काढताना पुढील गोष्टी गृहीत धरल्या आहेत. यांपैकी एखादी गोष्ट जागेवर वेगळी निघाल्यास त्या बाबीचं मोजमाप पुन्हा घेऊन त्याच दराने हिशेब करावा."

गावातला छोटा ठेकेदार कोटेशन देतो तेव्हा त्यावर असं एक पत्र असायला हवं. पुष्कळदा ते नसतं. असलं तरी समितीच्या बैठकीत कागद उलटला जातो तो थेट शेवटच्या ओळीवर, एकूण रकमेवर. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांना शेतीतलं, दुकानातलं पुष्कळ कळतं, पण घनमीटर आणि 1:6 वाचायची वेळ त्यांच्यावर रोज येत नाही. म्हणून या पत्रातल्या ओळी काय सांगतात, ते एका भिंतीचं उदाहरण घेऊन नीट पाहू.

मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीवरची जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यांसमोर आणा. कंपाउंडची भिंत विटांची, नऊ इंची, म्हणजे 0.23 मीटर जाड आणि जमिनीपासून दीड मीटर उंच. पलीकडे शेत. शेताची माती वर्षानुवर्षं भिंतीला लागून साचत गेली, त्यामुळे तिकडची जमीन मैदानापेक्षा दीडेक फूट वर आली आहे. गेल्या पावसाळ्यात यातली 9 मीटर भिंत मैदानाच्या बाजूला आडवी झाली. तिला लागून असलेली आणखी 3 मीटर उभी आहे, पण कललेली. बाकीच्या भिंतीचं प्लास्टर जागोजागी फुगलं आहे. काम एवढंच, आणि असं काम शेकडो गावांत आहे.

पत्रातली पहिली ओळ लांबीची असते : "पडलेली 9 मीटर व कललेली 3 मीटर, मिळून 12 मीटर भिंत नव्याने बांधायची असं धरलं आहे." या ओळीत ठेकेदाराने एक निर्णय घेतला आहे आणि तो उघड सांगितला आहे. कललेली भिंत पाडायचीच का? हे ओळंब्याने ठरतं. भिंतीच्या माथ्यावर दोरी धरून ओळंबा खाली सोडायचा, दोरी आणि भिंत यांमधलं अंतर माथ्याशी आणि बुडाशी मोजायचं. दोहोंत जो फरक येईल तेवढी भिंत कलली. नऊ इंची भिंतीचा माथा 75 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका बाहेर गेला की भिंतीच्या वजनाची रेषा बुडाच्या मधल्या एकतृतीयांश भागाच्या कडेला पोचते. त्यापुढे एका बाजूचे सांधे उघडायला लागतात. हा झाला नुसत्या वजनाचा हिशेब. वारा, साचलेलं पाणी, भिंतीवर चढून बसणारी मुलं हे सगळं त्याच्या वर. म्हणून 60-65 मिलिमीटर कललेली भिंत अजून उभी आहे एवढ्यावर ठेवू नये. ठेकेदाराने पत्रात ओळंब्याचं माप लिहिलं असेल, तर त्याने भिंत खरोखर पाहिली आहे असं समजायला हरकत नाही.

आता विटांचं बांधकाम. लांबी 12, जाडी 0.23 आणि उंची 1.5. तिन्हींचा गुणाकार 4.14 घनमीटर. एका घनमीटरला साधारण 500 विटा धरतात. तेव्हा 2,070 विटा, आणि तूटफूट धरून सुमारे 2,175. सिमेंट आणि वाळूचा माल 1:6 असेल तर सिमेंटची सहा पोती आणि अर्ध्या ब्रासपेक्षा थोडी कमी वाळू. ब्रास म्हणजे 100 घनफूट, साधारण 2.83 घनमीटर. हे आकडे कोणाही पालकाला वहीच्या पानावर पडताळता येतात आणि पडताळावेत. मात्र 500 हा आकडाही गृहीतच असतो. वीटभट्टीगणिक विटेचा आकार बदलतो. मोठी वीट आली तर विटा कमी लागतात आणि माल कमी जातो, लहान आली तर दोन्ही वाढतात. त्यामुळे विटा नगावर न मोजता बांधकाम घनमीटरवर मोजावं, आणि पत्रात विटेचा आकार लिहून घ्यावा.

जुन्या विटांचं काय, हीसुद्धा याच ठिकाणची ओळ. "पडलेल्या भिंतीतल्या विटा पुन्हा वापरलेल्या नाहीत" असं एक ठेकेदार लिहील, तर दुसरा "एकतृतीयांश विटा साफ करून वापरू" असं लिहील. दुसऱ्याचा दर कमी येणारच. पण मिठाने खाल्लेली, कोपरे झडलेली वीट भिंतीच्या बुडाला, ओलीच्या जागी वापरली तर दोनतीन पावसाळ्यांत तिची भुकटी व्हायला लागते. चांगल्या निघालेल्या जुन्या विटा वरच्या थरांत चालतात. हे पत्रात असलं पाहिजे, नाहीतर त्या कुठे गेल्या ते प्लास्टरखाली झाकलं जातं.

इथपर्यंतचं सगळं डोळ्यांना दिसतं, टेपने मोजता येतं. खरी अडचण जमिनीखाली आहे, आणि सगळ्या पत्रात सर्वांत महत्त्वाची ओळ तीच : "पाया सध्याच्या जमिनीपासून 0.9 मीटर खोल धरला आहे. त्या खोलीवर कठीण मुरूम लागेल असं गृहीत आहे."

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही हालचाल वरच्या थरांत सगळ्यात जास्त असते आणि खाली जाऊ तशी कमी होते. दीड-दोन फुटांवर टेकवलेला पाया या फुगण्या-आक्रसण्याबरोबर वर्षातून एकदा उचलला जातो आणि एकदा खाली बसतो. तोही सगळीकडे सारखा नाही. जिथे पाणी मुरतं तिथे जास्त, झाडाच्या मुळांनी ओल ओढून घेतली तिथे वेगळा. भिंतीवर त्याची खूण दिसते. विटांच्या सांध्यांतून जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत जाणारी तिरकी भेग असेल तर पाया हललेला आहे. बुडाजवळ आडवी भेग असेल तर मागून मातीने किंवा पाण्याने भिंत ढकलली आहे. दोन्हींवर प्लास्टर मारून उपयोग नाही. ज्या कोटेशनमध्ये भिंत नवी आणि पाया जुनाच आहे, त्याच्या पत्रात निदान एवढं तरी लिहिलेलं असावं की जुना पाया उघडून पाहिला आणि तो सुस्थितीत आहे.

आता त्या 0.9 मीटरच्या गृहीताची किंमत पाहू. चर 0.75 मीटर रुंद धरला तर खोदाई 12 × 0.75 × 0.9, म्हणजे 8.1 घनमीटर. तळाला 15 सेंटिमीटरचं साधं काँक्रीट, 1.35 घनमीटर. त्यावर जमिनीपर्यंत 0.6 मीटर रुंदीचं काळ्या दगडाचं बांधकाम, 12 × 0.6 × 0.75, म्हणजे 5.4 घनमीटर. समजा, तिथे मुरूम लागला नाही आणि तो दीड मीटरवर लागला. फक्त दोन फुटांचा फरक. खोदाई 8.1 वरून 13.5 घनमीटर होते. काँक्रीट तेवढंच राहतं. पण दगडी बांधकाम 5.4 वरून 9.72 घनमीटरवर जातं, म्हणजे 80 टक्क्यांनी वाढतं. वरच्या विटांच्या भिंतीत एक वीटही न वाढता बिल फुगतं, आणि समितीला वाटतं की ठेकेदाराने फसवलं. त्याने फसवलेलं नसतं. त्याने अंदाज बांधला होता, आणि तो अंदाज पत्रात लिहिला नसेल तर भांडण अटळ असतं.

याच्या उलटही होतं, आणि ते अधिक वाईट. "पाया व दगडकाम, ठोक रक्कम" एवढंच लिहिलं आणि खोली कुठेच दिली नाही, तर मुरूम लागो न लागो, ठेकेदाराला चर कुठेही थांबवता येतो. ठोक रकमेत जितकं कमी खणावं तितका त्याचा फायदा. मोजमापाने पैसे द्यायचे तर जास्त खणण्यात त्याचा फायदा. दोन्हींवर उपाय एकच : चर खणून झाला की काँक्रीट टाकण्यापूर्वी पंचायत समितीच्या अभियंत्यासमोर आणि समितीच्या दोन सदस्यांसमोर खोली मोजायची. टेप चरात धरून, आकडा दिसेल असा फोटो घ्यायचा आणि मोजमाप पुस्तिकेत त्याच दिवशी नोंद करायची. पाया झाकला गेला की तो पुन्हा मोजता येत नाही. "पाया भरण्यापूर्वी मोजमाप घ्यावं, त्यासाठी एक दिवस आधी कळवू" ही ओळ पत्रात असलेला ठेकेदार मला तरी विश्वासाचा वाटतो.

मोजमापाबाबत एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, कारण त्यावरून गावोगाव वाद झालेले आहेत. 8.1 घनमीटर ही चरातली माती, जागेवर दाबून बसलेली. खणून बाहेर काढली की ती मोकळी होते आणि जास्त जागा व्यापते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मोजून खोदाईचं बिल केलं तर ते नेहमीच चराच्या मापापेक्षा मोठं येईल. पडलेल्या भिंतीच्या राडारोड्याचंही तसंच. पत्रात स्पष्ट हवं : खोदाई चराच्या मापाने, राडारोडा ट्रॉलीच्या मापाने, ट्रॉली एवढ्या ब्रासची. दोन्ही मापं एकाच बाबीत मिसळली की हिशेब कोणालाच लागत नाही.

मग मुरूम किती खोल आहे ते आधी कसं कळायचं? खड्डा घेऊन. भिंतीच्या रेषेत दोन ठिकाणी, पडलेल्या भागाच्या दोन टोकांना, माणूस उतरून खणू शकेल एवढे खड्डे. दोन मजुरांचं एका दिवसाचं काम. काळी माती संपून पिवळसर, खडीमिश्रित, पहारीला आवाज देणारा मुरूम कुठे लागतो ते उघड दिसतं. तेवढ्याने 0.9 मीटरचा आकडा अंदाज न राहता मोजमाप होतो. मोठ्या इमारतीला माती तपासणी करतात, भिंतीला कोण करतं, असं म्हणून हे टाळलं जातं. पण काळ्या जमिनीत भिंतीचा निम्मा खर्च खाली असतो. दोन खड्ड्यांच्या मजुरीत तो कळत असेल तर ती मजुरी समितीने स्वतः द्यावी, सगळ्या ठेकेदारांना तेच खड्डे दाखवावेत आणि मग कोटेशन मागावं.

दीड मीटरपर्यंतही मुरूम लागला नाही, तर दगडाचा पाया आणखी खाली नेत राहणं शहाणपणाचं नाही. तिथे ठरावीक अंतरावर सिमेंट काँक्रीटचे खांब खोल नेतात, त्यांवर आडवी तुळई टाकतात आणि तिच्याखाली जमिनीशी फट ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी तुळई उचलली जात नाही. त्याचा आराखडा अभियंत्याचा हवा, ठेकेदाराच्या अंदाजावर तो होत नाही. चांगल्या पत्रात ही मर्यादाही लिहिलेली असते : "दीड मीटर खोलीपर्यंत मुरूम न लागल्यास काम थांबवून अभियंत्याचा निर्णय घेऊ."

जमिनीनंतर पाणी. आपल्या उदाहरणातली भिंत मैदानाकडे पडली, कारण शेताकडून दीड फूट माती तिला टेकलेली होती आणि पावसात त्या मातीत पाणी भरलं. कंपाउंडची भिंत माती अडवायला बांधलेली नसते. ओली माती तिला ढकलते, आणि मागचं पाणी बाहेर पडायला वाट नसेल तर पाण्याचा दाब वेगळा. 29 जून 2019 ला पुण्यात कोंढव्यात अशीच कंपाउंडची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून 15 माणसं गेली. त्यानंतर तीनच दिवसांनी मुंबईत मालाडला जलाशयाच्या आवाराची भिंत वस्तीवर कोसळली. त्या भिंती शाळेच्या भिंतीपेक्षा मोठ्या होत्या, पण दोन्ही जोरदार पावसातच पडल्या. शाळेच्या भिंतीखाली सावलीला मुलं बसतात, तिच्याशी क्रिकेटचा स्टंप आखलेला असतो. म्हणून पाण्याची बाब कोटेशनमध्ये नसेल तर ते कोटेशन अपुरं समजावं.

परिमाणात ही बाब अगदी छोटी दिसते : "मैदानाच्या जमिनीच्या थोडं वर, दर दोन मीटरला एक, 100 मिलिमीटरचा पाइप, एकूण 6 नग. शेताच्या बाजूने पाइपच्या तोंडाशी फुटका दगड भरणे." तिच्याबरोबर पत्रातलं गृहीत येतं : "शेताच्या बाजूला भिंतीलगत साचलेली माती काढून जमीन सपाट करणं या कोटेशनमध्ये धरलेलं नाही. ते समितीने शेतमालकाशी बोलून करून घ्यावं." हे वाचून कोणी म्हणेल की ठेकेदार अंग काढून घेतो आहे. मला तसं वाटत नाही. दुसऱ्याच्या शेतात उतरून माती काढायचा अधिकार त्याला नाही. त्याने आधी सांगितलं, आता गावाने शेतमालकाला भेटायचं. मात्र हे झालं नाही तर नव्या भिंतीवरही तोच रेटा येणार. तेव्हा माती निघाल्यावरच विटांचं काम सुरू करायचं, असा क्रम ठरवून घ्यावा.

नवी भिंत जुन्या भिंतीला जिथे भेटते तिथे एक उभी फट ठेवली जाते. गवंड्याला ती आवडत नाही. दात काढून विटा एकमेकींत गुंतवल्या की काम पक्कं दिसतं. पण नव्या भिंतीचा पाया खोल आणि जुनीचा उथळ आहे. पावसाळ्यात जुनी हलणार, नवी हलणार नाही, आणि गुंतवलेल्या जागी भेग पडणार. फट आधीच सरळ ठेवली की दोन्ही भिंती आपापल्या जागी राहतात.

प्लास्टरची गोष्ट वेगळी आहे. नव्या 12 मीटरचं प्लास्टर सरळ निघतं : दोन्ही बाजू धरून 36 चौरस मीटर, माथ्याचे पावणेतीन. जुन्या भिंतीवर किती प्लास्टर काढायचं हे मात्र नुसतं पाहून सांगता येत नाही. हातोडीच्या दांड्याने ठोकत जायचं. भरीव आवाज आला तर प्लास्टर विटेला धरून आहे, पोकळ आवाज आला तर सुटलेलं आहे. पोकळ भागाभोवती खडूने रेघ मारायची आणि खडूचे चौकोन मोजायचे. ठेकेदाराने असं केलं असेल तर पत्रात "40 चौरस मीटर, ठोकून पाहिलेलं" असं येतं. नसेल केलं तर "जुन्या भिंतीचं प्लास्टर, अंदाजे" एवढंच येतं, आणि या "अंदाजे"मध्ये पुढे पुष्कळ काही मावतं. प्लास्टर खरवडताना आजूबाजूचंही थोडं निघतंच. त्यामुळे वाढ होणार हे मान्य करून, खडूच्या मापाच्या वर किती टक्के वाढ मान्य आणि त्यापुढे कोणाला विचारायचं, एवढं पत्रात ठरलेलं बरं.

राहिलेल्या ओळी भराभर वाचता येतात, पण वगळू नयेत. पाणी कोणाचं? बांधकामावर किमान 7 दिवस पाणी मारावं लागतं, आणि काम मे महिन्याच्या सुटीत असतं. शाळेच्या बोअरला तेव्हा पाणी असेलच असं नाही. "पाणी शाळेने पुरवायचं" असं लिहिलेलं असेल तर टँकरचा खर्च शाळेचा, हे आधीच समजून घ्या. न भिजवलेली भिंत बाहेरून सारखीच दिसते, पण नखाने खरवडली की सांध्यातली वाळू भुरभुर पडते. राडारोडा कुठे टाकायचा, किती अंतरावर? जुन्याच रेषेवर बांधायचं की हद्दीबद्दल शेजाऱ्याची तक्रार आहे? तक्रार असेल तर भूमी अभिलेखची मोजणी आधी. भिंतीलगतच्या लिंबाचं झाड ठेवायचं की परवानगी काढायची? जीएसटी रकमेत आहे की वर? दर किती दिवस टिकतील? प्रत्येकाला एकेक वाक्य पुरतं.

आणि मग दोन कोटेशनची तुलना. एका ठेकेदाराची रक्कम कमी आहे आणि पत्र नाही. दुसऱ्याची जास्त आहे आणि सोबत दोन पानांचं पत्र आहे. बैठकीत पहिल्याकडे कल जाणं स्वाभाविक आहे, कारण शाळेकडे पैसे मोजकेच असतात. अशा वेळी पहिल्याला बाद करायची गरज नाही. दुसऱ्याच्या पत्रातल्या गृहीतांची यादी पहिल्याला द्यावी आणि विचारावं : पाया किती खोल धरला, कललेली 3 मीटर धरली का, जुन्या विटा वापरणार का, पाण्याचे पाइप किती, पाणी कोणाचं. त्याला त्याच गृहीतांवर रक्कम पुन्हा लिहायला सांगावं. मग दोन रकमा एकाच भिंतीच्या होतात आणि त्यांतली कमी असलेली निवडायला कसलाच संकोच नको. नाहीतर एक रक्कम 0.9 मीटर पायाच्या भिंतीची असते आणि दुसरी जुन्याच पायावर उभ्या केलेल्या विटांची.

तुमच्या शाळेची भिंत या उन्हाळ्यात दुरुस्तीला निघणार असेल, तर कोटेशन मागवण्याआधी तिच्या रेषेत दोन खड्डे घ्या, मुरूम किती खोल लागतो ते मोजून लिहून ठेवा, आणि पत्राशिवाय आलेलं कोटेशन पत्र जोडण्यासाठी परत पाठवा. पाया जमिनीपर्यंत भरून घेण्याचं काम जूनच्या पहिल्या पावसाआधी उरकलं पाहिजे. चरात पाणी साचलं की तळाची काळी माती फुगते आणि तोच चर पुन्हा खणावा लागतो.